चौथं घर, बारावं घर आणि दोन शुक्र

आजचा विषय ऐकून काही जणांनी भुवया उंचावल्या असतील. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेला माणूस पत्रिकांवर काय बोलणार, असं वाटणं साहजिक आहे. पण आज आम्ही ज्योतिष खरं की खोटं या वादात पडणार नाही. आमच्यासमोर चार पानांचं एक टंकलिखित भाकीत आहे आणि आम्ही त्याचं परीक्षण करणार आहोत. एखाद्या ग्रंथाचं परीक्षण करावं तसंच: लेखकाने काय म्हटलं, कशाच्या आधारे म्हटलं, काय सोडून दिलं, आणि वाचणाऱ्यावर त्याचा काय परिणाम झाला.

आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीची मुलगी कोल्हापुरात बँकेत अधिकारी आहे. वडील गेले, घरात ती आणि आई. तिचं ज्याच्याशी जमलं आहे तो मुलगा जर्मनीत, श्टुटगार्टला नोकरी करतो. तीन वर्षं झाली. उन्हाळ्यात साडेतीन तासांचा आणि हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक सांभाळत दोघं रोज बोलतात. दोन्ही घरांची संमती आहे, पण लग्नाची तारीख ठरत नाही, कारण तारीख ठरवायची तर आधी कोण कुठे जाणार ते ठरवावं लागतं. शेवटी मुलाच्या आत्याने दोन्ही पत्रिका एका ज्योतिषांना दाखवल्या. त्यांनी चार पानं लिहून दिली. ती पानं घेऊन मुलगी आमच्याकडे आली आणि म्हणाली, "सर, तुम्ही आईला तर्कशास्त्र शिकवलंत ना? मग हे वाचा आणि सांगा, यातलं किती धरायचं?" तिच्या आणि त्या मुलाच्या परवानगीने आज हे बोलतो आहोत. ज्योतिषांचं नाव घेणार नाही. गृहस्थ प्रामाणिक आहेत, त्यांनी अवास्तव पैसे घेतले नाहीत आणि कुठलीही शांत करायला सांगितली नाही.

आधी पत्रिका समजून घेऊ. मुलीचं लग्न वृश्चिक. वृश्चिकेपासून मोजलं तर चौथी रास कुंभ, आणि शुक्र कुंभेत. म्हणजे चतुर्थात. मुलाचं लग्न मेष. मेषेच्या मागची रास मीन, ती बारावी, आणि त्याचा शुक्र मीनेत, बाविसाव्या अंशावर. मीन ही शुक्राची उच्च रास. म्हणजे एकाचा शुक्र चौथा, दुसऱ्याचा बारावा.

चौथं स्थान घर, आई, सुख, जमीन, वाहन यांचं मानतात. वराहमिहिर त्याला बंधुस्थान म्हणतो आणि हिबुक हा ग्रीक वळणाचा शब्दही वापरतो. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ भूमीच्या खालचं. त्या स्थानाचं आकाशातलं ठिकाणही तेच, क्षितिजाखाली, पायांच्या बरोबर खाली. बारावं स्थान व्ययाचं. खर्च, शय्या, एकांत, दूरदेश, घर सोडणं हे सगळं तिथे पाहतात. आता दूर राहणाऱ्या जोडप्याचा प्रश्न म्हणजे घर आणि दूरदेश यांचाच प्रश्न. त्यात शुक्र प्रेमाचा कारक. तेव्हा चौथं, बारावं आणि शुक्र या तीन गोष्टी निवडण्यात ज्योतिषांनी काहीही चूक केलेली नाही. त्यांच्या शास्त्राच्या चौकटीत प्रश्न नेमका धरला, एवढं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

भाकितातली मुख्य विधानं चार आहेत. पहिलं, मुलीचा शुक्र चतुर्थात आहे, तिथे त्याला दिग्बल मिळतं, म्हणून तिचं सुख घरात आणि आईजवळ आहे, परदेशी ती रमणार नाही. दुसरं, मुलाचा उच्चीचा शुक्र बाराव्यात आहे, बारावा शुक्र चांगलाच, म्हणून त्याचा भाग्योदय परदेशात, त्याने परत येऊ नये. तिसरं, दोघांच्याही पत्रिकेत सप्तमेश शुक्रच आहे, म्हणून हे नातं तुटणार नाही. चौथं, मुलाच्या जन्मवेळी शनीही मीनेत होता आणि सध्या तो पुन्हा मीनेतून, त्याच्या शुक्रावरून जातो आहे, म्हणून शनी मीनेतून बाहेर पडेपर्यंत कुठलाही निर्णय घेऊ नये.

चारही विधानं एकत्र वाचा. तिने जायचं नाही, त्याने यायचं नाही, नातं तुटणार नाही, आणि आत्ता काही ठरवायचं नाही. म्हणजे जे आहे तेच चालू ठेवा. आमचा पहिला आक्षेप इथेच आहे, पण तो शेवटी मांडू. आधी पुरावा तपासू.

पहिला प्रश्न असा की शुक्र चौथा किंवा बारावा असणं म्हणजे आकाशात नक्की काय असणं? शुक्र सूर्यापासून फार लांब जाऊ शकत नाही. जास्तीत जास्त सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस अंश. म्हणूनच तो आपल्याला पहाटे पूर्वेला किंवा संध्याकाळी पश्चिमेला दिसतो, मध्यरात्री डोक्यावर कधीच दिसत नाही. आता चौथी रास लग्नाच्या खाली साधारण साठ ते एकशेवीस अंशांच्या पट्ट्यात असते. शुक्र तिथे असेल तर सूर्य त्याच्या अलीकडे पलीकडे अठ्ठेचाळीस अंशांत असणार. हिशेब करून पाहा, सूर्य प्रत्येक वेळी क्षितिजाखालीच येतो. म्हणजे ज्याचा शुक्र राशीने चौथा, त्याचा जन्म रात्रीचा. या मुलीचा जन्म रात्री पावणेबाराचा आहे. आणि ज्याचा शुक्र बारावा, त्याचा जन्म पहाटेपासून दुपारच्या सुरुवातीपर्यंतचा. या मुलाचा जन्म सकाळी दहाच्या सुमारास.

याने ज्योतिष खोटं ठरत नाही. एवढंच कळतं की "शुक्र चौथा" या वाक्यात जी माहिती आहे, तिचा मोठा भाग जन्म दिवसाच्या कोणत्या प्रहरी झाला एवढाच आहे. रात्री पावणेबाराला जन्मलेल्या मुली घर सोडून जात नाहीत, असं साध्या मराठीत कोणी म्हटलं तर आपण हसू. "चतुर्थातला दिग्बली शुक्र" म्हटलं की आपण गंभीर होतो. परीक्षण करणाऱ्याने हे भाषांतर एकदा तरी करून पाहावं.

त्यातही ही जन्मवेळ किती पक्की? मुलीचं लग्न वृश्चिकेच्या पहिल्याच अंशावर आहे. आपल्याकडच्या अक्षांशावर वृश्चिक रास उगवायला सव्वादोन तासांच्या आसपास लागतात, म्हणजे एका अंशाला सुमारे साडेचार मिनिटं. जन्म पाचच मिनिटं आधी झाला असेल तर लग्न तूळ होतं, आणि तुळेपासून कुंभ पाचवी. शुक्र घरातून उठून पंचमात, म्हणजे प्रणयाच्या आणि संततीच्या स्थानात जाऊन बसतो. पहिलं विधान पूर्ण बदलतं. आम्ही मुलीच्या आईला विचारलं, वेळ कोणी नोंदवली? त्या म्हणाल्या, "नर्सबाईंनी भिंतीवरच्या घड्याळात पाहून सांगितली, पावणेबारा झालेत म्हणून." पावणेबारा, अकरा-चाळीस, अकरा-पन्नास. माणसं अशीच वेळ सांगतात. अकरा वाजून त्रेचाळीस मिनिटं असं कोणी म्हणत नाही. ज्या पत्रिकेत लग्न राशीच्या काठावर आहे, तिथे जाणता ज्योतिषी आयुष्यातल्या घडून गेलेल्या घटना विचारून वेळ पडताळतो. या चार पानांत तसं काही केल्याची खूण नाही.

मुलाच्या बाबतीत वेगळी अडचण आहे. त्याचं लग्न मेषेच्या पाचव्या अंशावर, शुक्र मीनेच्या बाविसाव्या. राशीकुंडलीत मीन म्हणजे बारावं, ठीक. पण आपल्याकडे भावचलित कुंडलीही काढतात. तिच्यात लग्नाचा अंश हा पहिल्या भावाचा मध्य धरतात, त्यामुळे पहिला भाव त्याच्या साधारण पंधरा अंश आधी सुरू होतो. म्हणजे मीनेच्या विसाव्या अंशाच्या आसपास. बाविसाव्या अंशावरचा शुक्र मग पहिल्या भावात येतो. लग्नात शुक्र! त्याचं फळ वेगळं सांगतात: देखणा, गोड बोलणारा, स्वतःच्या सुखात राहणारा. दूरदेशाचा तिथे काही संबंध नाही. या ज्योतिषांनी पहिल्या पानावर चलित कुंडली काढलेली आहे, आणि पुढच्या तीन पानांत तिच्याकडे एकदाही पाहिलेलं नाही. का, ते लिहिलेलं नाही. राशीकुंडलीच खरी मानणारे अनेक चांगले ज्योतिषी आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण दोन कुंडल्या काढून एक गुपचूप बाजूला ठेवली, तर कोणत्या नियमाने ठेवली हे सांगायला हवं.

आता दुसरा मुद्दा, आणि आमच्या मते हा जास्त महत्त्वाचा. काय वाचलं याबरोबरच काय वाचलं नाही तेही पाहावं लागतं.

मुलीचा शुक्र सूर्यापासून नऊ अंशांवर आहे. परंपरेने शुक्र सूर्याच्या दहा अंशांच्या आत आला की अस्तंगत मानतात. म्हणजे ज्या शुक्राला दिग्बली म्हटलं, तो त्याच शास्त्राप्रमाणे अस्तही आहे. दिग्बलाचा उल्लेख आहे, अस्ताचा नाही. दुसरं, वृश्चिक लग्नाला शुक्र सप्तमेश आहेच, पण तो व्ययेशही आहे, कारण तूळ ही बारावी रास पडते. बाराव्याचा स्वामी चौथ्यात बसला, तर "हिचं घर परदेशात होईल" असं वाचणारे शंभर ज्योतिषी आम्ही दाखवू. इथे त्याच शुक्रावरून "परदेशी रमणार नाही" असं लिहिलं आहे. तिसरं, जुन्या ग्रंथांच्या परंपरेत शुक्र हा पुरुषाच्या पत्रिकेत पत्नीचा कारक, आणि स्त्रीच्या पत्रिकेत पतीसाठी गुरू पाहतात. या मुलीचा गुरू मकरेत, म्हणजे नीच राशीत आहे. त्याबद्दल चार पानांत एक शब्द नाही.

ज्योतिषी लबाड आहेत असं म्हणण्यासाठी आम्ही हे सांगत नाही. नीच गुरू न लिहिण्यात दयाबुद्धीही असेल. मुलीच्या पत्रिकेतही शुक्रच पाहणं, म्हणजे बाईलाही स्वतःची आवड आणि स्वतःचं प्रेम असतं हे मान्य करणं, हा आजकालचा बदल आम्हाला तर आवडतो. पण बदल केला तर केला म्हणावं. नाहीतर असं होतं की भरलेल्या ताटातून आपल्याला हवे तेवढे पदार्थ उचलायचे, आणि ताट असंच वाढलेलं होतं म्हणून सांगायचं.

तिसऱ्या विधानाचंही बघा. दोघांचा सप्तमेश शुक्र, म्हणून नातं तुटणार नाही. सप्तमेश शुक्र फक्त मेष आणि वृश्चिक या दोन लग्नांना असतो. या लग्नांच्या सगळ्या जोड्या टिकतात, असा अनुभव कोणी मोजलेला नाही. शिवाय सातव्यापासून मोजलं तर बारावं स्थान सहावं पडतं, म्हणजे कलहाचं आणि रोगाचं. मुलाचा सप्तमेश आपल्या घरापासून सहाव्यात गेला, हेही त्याच शास्त्रात लिहिता आलं असतं. आणि बारावं हे चौथ्यापासून नववं, म्हणजे घराचं भाग्य, असंही लिहिता आलं असतं. एकच शुक्र, एकच जागा, आणि कुठून मोजायला सुरुवात करता त्यावर फळ.

आता थोडा हिशेब, कंटाळू नका. हा आम्ही मुलीला कागदावर करून दाखवला. समजा, आपण शुक्राचा चौथ्याशी किंवा बाराव्याशी संबंध शोधतो आहोत. संबंध तीन प्रकारचा मानतात: शुक्र तिथे बसला, शुक्राची तिथे दृष्टी पडली, किंवा शुक्र त्या घराचा मालक झाला. बसायला दोन घरं. शुक्राची दृष्टी फक्त सातवी, म्हणून दहाव्यात बसला तर चौथ्यावर आणि सहाव्यात बसला तर बाराव्यावर पडते. ही आणखी दोन घरं. म्हणजे बारापैकी चार घरांत, तीनात एक वेळा, शुक्र जागेमुळेच जोडला जातो. मालकीचं पाहू. वृषभ आणि तूळ या शुक्राच्या राशी. कर्क आणि कुंभ लग्नाला तो चतुर्थेश होतो, मिथुन आणि वृश्चिक लग्नाला व्ययेश. पुन्हा बारापैकी चार, तीनात एक.

मग संबंध अजिबात नसायला काय हवं? जागेनेही नको आणि मालकीनेही नको. दोन तृतीयांश गुणिले दोन तृतीयांश, म्हणजे नऊपैकी चार. हे एका पत्रिकेचं. आपल्यासमोर दोन पत्रिका आहेत, आणि दोन्हींत संबंध नसायला हवा. नऊपैकी चार गुणिले नऊपैकी चार, म्हणजे एक्क्याऐंशीपैकी सोळा. साधारण वीस टक्के. सगळी लग्नं सारखा वेळ उगवत नाहीत, म्हणून थोडं इकडेतिकडे होईल, पण थोडंच. याचा अर्थ, रस्त्यावरून कोणतीही दोन माणसं उचला, शंभरातल्या ऐंशी जोड्यांमध्ये निदान एका पत्रिकेत शुक्राचा घराशी किंवा दूरदेशाशी संबंध सापडणारच. एकमेकांशेजारी राहणाऱ्या जोड्यांतही सापडेल, दूर राहणाऱ्यांतही सापडेल, आणि ज्यांनी एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नाही त्यांच्यातही सापडेल.

न्यायशास्त्रात याला नाव आहे. हेतू जर साध्य असेल तिथेही सापडतो आणि नसेल तिथेही सापडतो, तर तो सव्यभिचार हेतू. वर्गात आम्ही नेहमीचं उदाहरण द्यायचो. धूर आहे म्हणून अग्नी आहे, हे बरोबर. पण अग्नी आहे म्हणून धूर आहे, हे चूक, कारण लालबुंद तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. मग अग्नीतून धूर कधी निघतो? सरपण ओलं असेल तेव्हा. हे ओलं सरपण म्हणजे उपाधी. धुराचं खरं कारण शोधायचं तर नुसत्या अग्नीकडे पाहून भागत नाही, सरपणाकडे पाहावं लागतं. हा दाखला लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

आता चौथं विधान, शनीचं. याच विधानाने मुलीचं आयुष्य प्रत्यक्ष थांबवलं आहे, म्हणून ते नीट पाहू. शनी मार्च 2025 मध्ये मीनेत आला. तो 2027 च्या जूनमध्ये मेषेत जाईल, वर्षाच्या उत्तरार्धात वक्री होऊन पुन्हा काही महिने मीनेत येईल, आणि 2028 च्या सुरुवातीला कायमचा बाहेर पडेल. शनीला राशिचक्र फिरायला साधारण साडेएकोणतीस वर्षं लागतात. म्हणजे ज्यांच्या जन्मवेळी शनी मीनेत होता, त्यांचा शनी तिशीच्या आसपास पुन्हा मीनेत येतोच. मुलाचा जन्म 1996 चा. त्याच्या पत्रिकेत शनी मीनेत, हे भाकितात आहे. मुलीचा जन्म 1997 चा. तिचाही शनी मीनेतच आहे, हे भाकितात नाही! आणि फेब्रुवारी 1996 ते एप्रिल 1998 या काळात जन्मलेल्या जगातल्या प्रत्येक माणसाचा शनी मीनेत आहे. कोल्हापुरातल्याही, श्टुटगार्टमधल्याही. ते सगळे सध्या निर्णय न घेता थांबलेले नाहीत. त्यांच्यातली पुष्कळ मंडळी नेमकी याच वर्षांत लग्नं करत आहेत, कारण त्यांचं वयच ते आहे.

यावर ज्योतिषी म्हणतील, शनी सगळ्यांचा मीनेत असला तरी याच्या बाराव्यात आहे आणि शुक्रावरून जातो आहे. मान्य. पण मग ते "बारावं" पुन्हा त्याच राशीकुंडलीवर उभं आहे, जिच्या शेजारची चलित कुंडली शुक्राला पहिल्यात दाखवते. आणि शनी शुक्रावरून जातो म्हणजे नेमकं केव्हा? जन्माचा शुक्र बाविसाव्या अंशावर. शनीला पहिल्या अंशापासून तिथवर पोचायला दीड-दोन वर्षं लागतात. मग पहिल्या दिवसापासून थांबायला का सांगितलं? मोठी मुदत दिली की तिच्यात काहीतरी घडतंच, आणि जे घडेल ते शनीच्या नावावर जमा होतं.

म्हणून कोणाही भाकीत करणाऱ्याला एक प्रश्न विचारायचा असतो: काय घडलं तर तुम्ही चुकलात असं म्हणाल? कार्ल पॉपरने विज्ञानाबद्दल हाच प्रश्न विचारला होता, पण तो विचारायला पॉपर वाचायची गरज नाही. आम्ही मुलीला सांगितलं, जाऊन विचार. ती गेली. ज्योतिषी प्रामाणिक, हे आम्ही सुरुवातीलाच म्हटलं. ते म्हणाले, "लग्न लवकर झालं तर गुरूबळ, उशिरा झालं तर शनी, मोडलं तर शुक्र अस्त होताच." त्यांना वाटलं आपण शास्त्राची खोली सांगितली. मुलगी घरी येऊन आईला म्हणाली, "आई, यांच्याकडे अस्ताचा शुक्र होता, पण तो मोडलं तर वापरायला राखून ठेवला होता." त्या दिवशी आम्हाला आमच्या विद्यार्थिनीची लेक शोभली.

आता आमचा मुख्य आक्षेप. तर्कातल्या चुका आपण सगळेच करतो. आम्हीही चाळीस वर्षांत कमी केल्या नाहीत. पण या भाकिताने एक प्रश्न उचलून दुसरीकडे ठेवला. दोघांसमोरचा प्रश्न होता: आईचं काय? मुलगी गेली तर आई एकटी. मुलगा आला तर त्याची नोकरी जाते. आईला तिकडे न्यायचं तर व्हिसा, विमा, भाषा, हिवाळा. हे बोलणं जड आहे. बोलताना कोणीतरी दुखावलं जाणार, कोणीतरी "मी नाही येणार" असं स्पष्ट म्हणणार. भाकिताने हे बोलणं अनावश्यक करून टाकलं. चौथं स्थान आईचं आहे ना? मग आई पत्रिकेत बसली, आणि जेवणाच्या टेबलावर बसलेल्या आईशी बोलायची गरज राहिली नाही! आम्ही त्या बाईंना विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?" त्या जरा थांबून म्हणाल्या, "सर, मला कोणी विचारलंच नाही. सगळे म्हणतात चतुर्थात शुक्र आहे, ती मला सोडून जाणार नाही. मला तर वाटतं तिने जावं."

मंडळी, दोन पत्रिकांच्या चार पानांत हे वाक्य कुठेही नव्हतं.

स्वतःबद्दल थोडं सांगतो, पुरावा म्हणून नव्हे. आम्ही आणि आमची पत्नी लग्नानंतर सहा वर्षं दोन गावांत राहिलो. नोकऱ्याच तशा होत्या. शनिवारी रात्रीची एसटी, सोमवारी पहाटेची परत. आमच्या वडिलांना पत्रिकेचं चांगलं कळायचं. त्यांनी दोन्ही पत्रिका तपासून सांगितलं होतं, चौथ्या-बाराव्याशी शुक्राचा काही संबंध नाही, सुखाने एकत्र राहाल. एका उदाहरणाने काही सिद्ध होत नाही, हे आम्ही वर्गात ओरडून सांगत आलो आहोत, तेव्हा इथेही ते धरू नका. सांगायचं ते वेगळंच. त्या सहा वर्षांत आम्हाला अंतराचा त्रास झाला, पण अंतराने नातं धुमसलं नाही. धुमसलं ते एका वर्षी, जेव्हा बदली कधी होणार ते कोणालाच सांगता येईना आणि आम्ही दोघांनी त्यावर बोलणं बंद केलं. म्हणजे अग्नी पूर्वीइतकाच होता, त्या वर्षी सरपण ओलं झालं होतं.

दूर राहणाऱ्या जोडप्याबद्दल विचार करताना ही उपाधी शोधावी, एवढंच आमचं म्हणणं. अंतर हा अग्नी आहे, तो दिसतोच. त्यातून धूर कशामुळे येतो ते पाहायचं. वेगळं राहण्याला शेवटची तारीख आहे का? कोण हलणार हे दोघांनी उघड बोललेलं आहे का? जो हलणार नाही, त्याने दुसऱ्याच्या हलण्याची किंमत मान्य केली आहे का? या तीन प्रश्नांची उत्तरं पत्रिकेत शोधायचं कारण नाही. ती फोनवर मिळतात, तासाचा फरक सांभाळून.

ज्योतिषांच्या चार पानांतलं आम्ही काय ठेवू? एक गोष्ट ठेवू. चौथं आणि बारावं ही दोन घरं शेजारी मांडून पाहण्याची कल्पना. घर हवं आणि दूरही जायचं, हा ताण त्या भाषेत फार थोडक्यात मावतो. त्या मुलीनेही तो कागद फाडला नाही. तिने त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला दोन रकाने आखले, एकावर लिहिलं "चौथं", दुसऱ्यावर "बारावं", आणि दोघांनी व्हिडिओ कॉलवर बसून त्यात स्वतःच्या गोष्टी लिहिल्या. चौथ्यात आईची औषधं, घराचं कर्ज, शनिवारची महालक्ष्मी. बाराव्यात त्याच्या कराराची मुदत, तिची जर्मनची परीक्षा, दोन वर्षांनी परत यायचं की नाही. पहिल्याच दिवशी कडाक्याचं भांडण झालं, असं तिने सांगितलं. तीन वर्षांत पहिल्यांदाच ते या विषयावर भांडले होते.

अजून तारीख ठरलेली नाही. शनी मीनेतच आहे. मात्र दर रविवारच्या कॉलवर आता आईसुद्धा बसते.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर विचारा. फक्त आपापल्या पत्रिका घेऊन येऊ नका, आम्हाला चष्म्याशिवाय अंश दिसत नाहीत.